लिव्हरचं टोक दिसल्याशिवाय फास्ट ‘निगेटिव्ह’ म्हणू नका

फास्ट स्कॅन म्हणजे अपघातातल्या पेशंटच्या पोटात किंवा छातीत रक्त साचलंय का, हे बघणारी झटपट सोनोग्राफी. इमर्जन्सीत नव्याने आलेल्या रेसिडेंटला ती शिकवताना मी चारही खिडक्या, म्हणजे प्रोब ठेवून बघायच्या चार जागा, एका दमात दाखवत नाही. आधी उजवीकडची एकच खिडकी, आणि तीही नीट. मॉरिसन पाऊच म्हणजे लिव्हर आणि उजवी किडनी यांच्यामधली जागा, एवढं सगळ्यांना पाठ असतं. त्यामुळे होतं काय, की प्रोब ठेवला, लिव्हर दिसलं, किडनी दिसली, मध्ये पांढरी रेघ दिसली की चित्र फ्रीज करून तोंडातून ‘निगेटिव्ह’ निघून जातं. पण त्या चित्रात बहुतेक वेळा किडनीचा मधला भागच असतो, आणि थोडं रक्त असेल तर ते तिथे उशिरा पोचतं.

पेशंट उताणा झोपलेला असताना पोटातलं रक्त खोलगट जागा शोधत जातं. उजव्या बाजूला मोठ्या आतड्याच्या कडेने ओटीपोटापासून वर लिव्हरपर्यंत एक मोकळा पन्हाळा आहे, पॅराकोलिक गटर. त्याचं वरचं तोंड उघडतं ते लिव्हरच्या खालच्या टोकापाशी, किडनीच्या खालच्या ध्रुवाजवळ. स्क्रीनवर ताजं रक्त काळं दिसतं, म्हणून रक्त कमी असेल तेव्हा पहिली काळी पाचर बऱ्याचदा याच कोपऱ्यात दिसते. लिव्हर आणि किडनीच्या मधोमध ठळक काळा पट्टा दिसायला त्याहून बरंच जास्त रक्त लागतं. पोटात साधारण 200 मिलीपेक्षा कमी रक्त असेल तर अनुभवी हातालाही ते सुटू शकतं, हेही लक्षात असू द्या.

आता हात. कर्व्हिलिनियर प्रोब, मार्कर डोक्याकडे, काखेच्या मधून सरळ खाली येणाऱ्या मिडअ‍ॅक्सिलरी लाइनवर आठव्या ते अकराव्या बरगडीच्या दरम्यान. सुरुवातीला डेप्थ 15 सेंटिमीटरच्या आसपास ठेवा आणि मग पेशंटच्या अंगकाठीप्रमाणे कमीजास्त करा. बरगडीची काळी सावली मध्ये आली तर प्रोब बरगड्यांच्या समांतर किंचित तिरका फिरवा. पेशंट ऐकण्याच्या स्थितीत असेल तर दीर्घ श्वास घेऊन रोखायला सांगा, लिव्हर आणि किडनी दोन्ही खाली सरकतात. आधी वर जाऊन डायफ्रॅम पाहा, म्हणजे छातीतलं रक्तही त्याच फेरीत तपासलं जातं. मग मध्यावर या, आणि तिथे न थांबता एक-दोन बरगड्या खाली घसरत लिव्हरचं निमुळतं टोक स्क्रीनवर संपताना दिसेपर्यंत जा. प्रत्येक जागी प्रोब पुढेमागे हळूहळू झुकवा. एका फ्रेमवर वाचन करू नका, हलतं चित्र वाचा.

एक केस सांगतो. दुचाकीवरून पडलेला सव्वीस वर्षांचा तरुण. बोलत होता, डाव्या कुशीत दुखतंय म्हणत होता. नाडी 116, बीपी 104/70. आमच्या रेसिडेंटने उजवीकडे प्रोब ठेवला. मध्यावरचं चित्र अगदी पुस्तकातल्यासारखं होतं. लिव्हर आणि किडनी एकमेकांना चिकटलेली, मध्ये सलग पांढरी रेघ, काळं काहीच नाही. तिने प्रोब खाली सरकवला. लिव्हरचं टोक आलं आणि त्याच्या खाली, किडनीच्या खालच्या ध्रुवाला टेकून, जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाडीची काळी पाचर दिसली.

आता खरं वाचन सुरू होतं, कारण या भागात काळ्या दिसणाऱ्या वस्तू बऱ्याच आहेत. पित्ताशय काळंच असतं. पण प्रोब झुकवला आणि फिरवला की त्याची गोलाई बंद होते, भोवती स्वतःची चकाकती भिंत दिसते. ही पाचर बंद होत नव्हती. तिला भिंत नव्हती, आणि तिची टोकं अणकुचीदार होती, दोन अवयवांच्या फटीत घुसलेली. मोकळा द्रव असाच असतो. त्याला स्वतःचा आकार नसतो, शेजारचे अवयव देतील तो आकार तो घेतो. इन्फिरिअर व्हेना कावा या मोठ्या शिरेचा संशय आला तर प्रोब वळवून ती लांब नळीसारखी वर हृदयाकडे जाते का ते पाहा, शंका उरली तर कलर डॉपलर लावा.

सगळ्यात जास्त फसवते ती किडनीभोवतीची चरबी. ती करडी दिसते, कधीकधी चांगलीच काळसर. पण तिच्या दोन्ही कडांना दोन पांढऱ्या रेघा असतात, आत बारीक कण दिसतात आणि श्वासाबरोबर ती किडनीच्या संगतीने हलते. शंका वाटली तर डावी किडनीही बघा. तिकडेही तसाच थर असेल तर चरबीच धरायला हरकत नाही. उलट बाजूही आहे. गोठलेलं रक्त काळं नसतं, करडं असतं, जवळजवळ लिव्हरच्याच रंगाचं. अपघाताला वेळ झालेला असेल तर फक्त काळा रंग शोधत बसू नका. लिव्हर-किडनीमधली पांढरी रेघ कुठे तुटली आहे ते शोधा. गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, फार वाढवलेला असेल तर बारीक काळी पाचरही करडी होऊन गायब होते, म्हणून आधी गेन उतरवा, मग मत बनवा.

या पोराची पाचर निकषांना उतरली. डावीकडे स्प्लीन आणि किडनीच्या मध्ये स्वच्छ होतं, पण स्प्लीन आणि डायफ्रॅमच्या मध्ये बारीक काळी कोर होती. डाव्या बाजूला रक्त आधी तिथेच साठतं, त्यामुळे फक्त किडनीकडे पाहणारा तिथे हमखास चुकतो. बीपी टिकून होतं म्हणून सीटीची तयारी चालू होती, सर्जनला मात्र तेव्हाच बोलावलं. दहाएक मिनिटांनी त्याच जागी पुन्हा प्रोब ठेवला तेव्हा काळा पट्टा टोकापासून मध्यापर्यंत चढला होता, नाडी 134 आणि बीपी 82/50. सीटी रद्द करून त्याला थेट ओटीत नेलं. फाटलं होतं स्प्लीन. लिव्हरला ओरखडाही नव्हता. रक्त उजवीकडे दिसलं म्हणून जखम उजवीकडेच, असा हिशेब फास्टमध्ये चालत नाही. द्रव आहे की नाही, एवढंच ते सांगतं. आणि तो द्रव रक्त आहे, पूर्वीचं जलोदर आहे की फुटलेल्या मूत्राशयातली लघवी, हे रंगावरून ठरत नाही. पेशंट, अपघात आणि बीपी यांची जोड द्यावी लागते.

याच्या उलट, स्कॅन स्वच्छ असूनही आतडं फाटलेलं असू शकतं, किडनीमागे रक्त साचत असू शकतं, पेल्व्हिसचं फ्रॅक्चर पाठीमागच्या जागेत वाहत असू शकतं. यातलं बरंचसं फास्टला दिसतच नाही. म्हणून पोट दुखतंय, नाडी चढतेय आणि फास्ट स्वच्छ आहे, तर ते पोट अजून संशयितच. नाडी, बीपी किंवा दुखणं बदललं की स्कॅन परत करायचा.

नोट लिहिताना नुसतं ‘फास्ट निगेटिव्ह’ लिहू नका. किती वाजता केला ते लिहा आणि उजवीकडे डायफ्रॅम, मध्य आणि लिव्हरचं टोक यातलं काय काय दिसलं ते लिहा. गॅसमुळे किंवा बरगडीच्या सावलीमुळे टोक दिसलं नसेल तर ‘लिव्हरचं टोक दिसलं नाही, उजवी खिडकी अनिर्णित’ असं सरळ लिहा. पुढच्या शिफ्टचा डॉक्टर ते वाचून प्रोब नेमका तिथेच ठेवेल.