बसल्या हाताची मापं: आई राहायला येण्याआधी न्हाणीघराची तयारी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई गावाहून आमच्याकडे तीन महिने राहायला यायची होती. फोनवर तिनं एवढंच विचारलं, "अगं, तुमच्याकडे बसून अंघोळ करता येते ना? मला शॉवरखाली उभं राहवत नाही." आमची बाथरूम आतून ४ फूट बाय ६ फूट. त्यात एक बादली, एक मग, आणि सगळ्या वस्तू उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर. साबणाची जागा साडेचार फुटांवर, टॉवेलचा रॉड त्याहून वर. तेव्हा लक्षात आलं की बादलीनं अंघोळ करणाऱ्या घरातही फिटिंग शॉवरच्या हिशेबानं झालेलं असतं. म्हणून तयारीची सुरुवात खरेदीपासून करू नका, मोजपट्टीपासून करा.

पहिल्या दिवशी स्टूल ठरवा, कारण बाकीची सगळी मापं त्याच्यावर अवलंबून असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाट किंवा १० इंची प्लास्टिकचं चौरंगासारखं स्टूल चालत नाही. त्यावर बसता येतं, उठता येत नाही. बसल्यावर पाऊल पूर्ण फरशीवर टेकावं आणि मांडी गुडघ्यापेक्षा खाली जाऊ नये, एवढी उंची हवी. आईसाठी ती १६ इंच निघाली. घरातल्या नेहमीच्या खुर्चीवर तिला बसवून फरशीपासून गुडघ्याच्या मागच्या बाजूपर्यंत मोजलं की आकडा मिळतो. बैठकीला भोकं हवीत, म्हणजे साबणाचं पाणी साचत नाही. पाय खाली बाहेरच्या बाजूला फाकलेले हवेत आणि चारही पायांना रबरी टोप्या हव्यात.

दुकानात स्टूल स्थिर वाटतं, कारण तिथली फरशी सपाट असते. बाथरूमच्या फरशीला जाळीकडे उतार असतो. तिथे एक पाय अधांतरी राहिला की स्टूल डगमगतं. म्हणून घरी आणल्यावर नेमक्या जागी ठेवा, फरशीवर साबणाचं पाणी ओता आणि दोन्ही हातांनी बाजूनं ढकलून पाहा. सरकलं किंवा डुललं तर जागा बदला. आमचं स्टूल जाळीपासून हातभर दूर, भिंतीला पाठ करून ठेवल्यावर नीट बसलं. ती जागा मी भिंतीवर खुणेनं नोंदवून ठेवली, म्हणजे साफसफाईनंतरही ते तिथेच परत येतं.

आता बादली. माझी २० लिटरची बादली १३ इंच उंच आहे. १६ इंची स्टुलावर बसून जमिनीवरच्या बादलीतून पाणी घ्यायचं तर वरचं अर्धं पाणी सहज निघतं, पण उरलेल्या अर्ध्यासाठी प्रत्येक वेळी कमरेतून वाकावं लागतं. तोल जातो तो इथेच. उपाय सोपा आहे, बादलीखाली ठोकळा किंवा स्टँड. मी ८ इंच उंचीचं, पट्ट्यापट्ट्यांचं स्टीलचं स्टँड घेतलं. बादलीची कड २१ इंचांवर आली, म्हणजे बसलेल्या आईच्या मांडीच्या थोडी वर. हात खांद्यातून खाली सोडला की मग बुडतो. भरलेली बादली २० किलोच्या वर जाते, त्यामुळे हलकं प्लास्टिकचं स्टूल उलटं करून त्यावर बादली ठेवण्याचा मोह टाळा.

स्टँड घेण्याआधी नळाचं तोंड फरशीपासून किती उंच आहे ते मोजा. चावी कुठे आहे ते मोजू नका, तोंड मोजा. आमचं २४ इंचांवर होतं, म्हणजे कडेपासून जेमतेम ३ इंच मोकळे राहिले. बादली भरते, पण नळाखालून मग फिरत नाही. भरलेली बादली रोज सरकवण्यापेक्षा मी नळाला हातभर नळी लावली आणि स्टँड नळापासून फूटभर बाजूला ठेवलं. गिझरचं पाणी जाणार असेल तर बागेची साधी नळी नको, ती मऊ पडून निसटते. आधी गार पाणी, मग गरम, हाताच्या पाठीनं तपासायचं, आणि हे सगळं आईनं आत पाऊल टाकण्याआधी करून ठेवायचं.

मग घेताना मात्र मोठ्याचा हट्ट नको. एक लिटरचा मग भरला की किलोभर वजन मनगटावर येतं, आणि तो डोक्यापर्यंत उचलायचा असतो. आईला अर्ध्या लिटरचा, लांब दांड्याचा मग जास्त सोयीचा पडला.

यानंतर भिंत. आई स्टुलावर बसली असताना तिला हात पुढे आणि बाजूला करायला लावा आणि जिथे सहज पोचतो तिथे पेन्सिलनं खूण करा. आमच्याकडे ती फरशीपासून अडीच फुटांवर आली. साबणदाणी, घासणी, शिकेकाईची वाटी या सगळ्यांची जागा तिथेच. कोपऱ्यातलं तिकोनी शेल्फ कमी जागा खातं, पण कोपर लागेल अशा बाजूला ते नको. हवेच्या दाबानं चिकटणारे रबरी वाटीचे हुक टाळा, टाइलवर साबणाचा पातळ थर बसला की ते रात्रीतून खाली येतात. चिकटवायचे हुक चालतात, मात्र टाइल गुळगुळीत हवी. ती स्पिरिटनं पुसून पूर्ण सुकवा आणि हुक लावल्यावर दिवसभर त्यावर वजन टाकू नका. त्यांच्यावर मग, घासणी, टॉवेल एवढंच ठेवा.

उठताना धरायचा दांडा मात्र ड्रिल करूनच बसवायचा. टॉवेलचा रॉड हा आधाराचा दांडा नव्हे, तो माणसाच्या वजनाला उखडतो. भोक पाडताना नळाच्या आणि गिझरच्या सरळ वरची-खालची रेघ सोडा, बहुतेकदा पाइप तिथूनच जातो. टाइलवर चिकटपट्टी लावून आधी ड्रिलचा ठोके देणारा हॅमर मोड बंद ठेवून चकाकीचा थर पार करा, नाहीतर टाइल तडकते. नंतर स्क्रूभोवती सिलिकॉन भरा, म्हणजे भिंतीत पाणी मुरणार नाही.

अंघोळ झाल्यावर वस्तू कुठे जातात हेही आधीच ठरवा. बादल्या एकात एक घातल्या तर जागा वाचते, पण ओल्या असताना घातल्या की गच्च बसतात आणि आत कुबट वास धरतात. आम्ही एक बादली त्याच पट्ट्यांच्या स्टँडवर पालथी ठेवतो, कड एका बाजूनं किंचित उचललेली. खालून हवा खेळते आणि दुपारपर्यंत ती सुकते. कडीला अडकवून टांगलेल्या बादलीत तळाशी पाणी राहतं, म्हणून टांगायचीच असेल तर पुसून टांगा. पाणी ठरावीक वेळी येत असल्यानं दुसरी बादली भरून ठेवावी लागत असेल तर तिला घट्ट झाकण हवं आणि आठवड्यातून एकदा ती पूर्ण रिकामी करून आतून घासायला हवी, कारण डेंगीचे डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतात.

शेवटी दरवाजा. आमचा आत उघडतो. त्याच्या मागे बादली किंवा स्टूल ठेवलं आणि आत कुणी पडलं तर बाहेरून तो उघडता येत नाही. म्हणून दाराच्या फिरण्याची जागा मोकळी ठेवली आणि आतली कडी काढून बाहेरूनही उघडेल असं लॅच लावलं. आई आल्यावर पहिल्या सकाळी मी दाराबाहेर उभी होते. आतून मगाचा आवाज येत होता, आणि मग तिनं हाक मारली, "टॉवेल कुठं ठेवलायस गं?" तो अजून वरच्याच रॉडवर होता. त्याच संध्याकाळी एक हुक दांड्याशेजारी, तीन फुटांवर लावला.