क्रिप्टिक कोड्यात क्लूमध्येच दुसऱ्या क्लूचा नंबर आला तर काय करायचं

इंग्रजी क्रिप्टिक क्रॉसवर्ड सोडवणाऱ्या बऱ्याच जणांचं गाडं एका ठिकाणी हमखास अडतं. द हिंदूमधलं रोजचं कोडं असो नाहीतर ब्रिटिश पेपरांतलं, ॲनाग्राम वगैरे जमायला लागलेले असतात आणि मग एक क्लू येतो ज्यात लिहिलेलं असतं ‘८ वॉज वन, निअर मुंबई (५)’, आणि आपण म्हणतो, आठचं उत्तरच आलं नाहीये तर याचं काय करू, आणि पुढे सरकतो. खरं तर हाच क्लू आठचं उत्तर काढून देऊ शकतो, पण ते नंतर.

दाखवायला म्हणून मी चार क्लू स्वतःच रचलेत, क्लू इंग्रजीच आहेत, फक्त देवनागरीत लिहितोय:

८ आडवा: रेनकोट, गॅम्बल, हजबंड इन प्ले (७)
१४ आडवा: ८ वॉज वन, निअर मुंबई (५)
२० उभा: बॉय ॲट एंड ऑफ डे इज अ जंटलवुमन (४)
३ उभा: शर्ट्स टर्न्ड अप? २० ८ वॉन्टेड धिस आउट (४)

पेन्सिल हातात घेतली की एकही क्लू न सोडवता आधी सगळी यादी नुसती नजरेखालून घाला आणि ज्या क्लूमध्ये नंबर आहे त्याला गोल करा. कुठला नंबर सगळ्यात जास्त वेळा आलाय ते बघा. इथे आठ दोनदा आलाय, म्हणजे आठ हा आपला मुख्य खांब, बाकीचे त्याला टेकून उभे आहेत. सुरुवात तिथूनच करायची, मग तो क्लू अवघड वाटला तरी.

पण थांबा, गोल केलेला प्रत्येक नंबर संदर्भच असतो असं नाही, सेटर लोक इथेच फसवतात. ‘६ डिलिव्हरीज फिनिश्ड (४)’ असा क्लू असेल तर ग्रिडमधल्या सहा नंबरशी त्याचा काडीचा संबंध नाही, सहा चेंडू म्हणजे ओव्हर आणि फिनिश्ड म्हणजेही ओव्हर, झालं. असल्या एका सहापायी मी एकदा अख्खा लोकलचा प्रवास सहा आडव्याकडे बघत घालवलाय. ओळखायची खूण अशी की नंबर काढून तिथे ‘तो’ किंवा ‘ती गोष्ट’ ठेवून वाक्य वाचायचं. ‘तो वॉज वन’ चालतं. ‘तो डिलिव्हरीज’ चालत नाही. शंभर टक्के खात्रीची युक्ती नाही ही, पण बहुतेक वेळा काम होतं. आणि ग्रिडमध्ये त्या नंबरचा आडवा आणि उभा असे दोन्ही शब्द असतील तर चांगला सेटर कुठला ते सांगतो, नुसताच आकडा दिला असेल आणि दोन्ही शब्द असतील तर तो साधा आकडाच असायची शक्यता वाढते.

आता आठ सोडवू. प्ले म्हणजे नाटक, सात अक्षरी. मी घाईत असतो तर ऑथेल्लो लिहून मोकळा झालो असतो, तेही सात अक्षरीच. मग १४ ला आलो असतो, ऑथेल्लो कोण होता, मूर, पण मूर इंग्रजीत चार अक्षरी आणि मुंबईजवळ मूर नावाचं काही नाही. इथेच सावध व्हायचं. खांब चुकला की त्याला टेकलेला एखादा क्लू बसत नाही, आणि आपल्याला मात्र वाटतं की तोच क्लू अवघड आहे. म्हणून खांबाचं उत्तर नुसत्या अर्थावरून कधी भरू नका, वर्डप्ले जुळलाच पाहिजे. रेनकोट म्हणजे मॅक (एम-ए-सी), गॅम्बल म्हणजे बेट (बी-ई-टी), हजबंडचा एच. मॅकबेथ. आता १४ परत वाचा, ‘मॅकबेथ वॉज वन’, मॅकबेथ हा थेन, म्हणजे स्कॉटलंडमधला सरदार, आणि टी-एच-ए-एन-ई हेच आपल्या ठाण्याचं स्पेलिंग! ठाणेकरांनी हा क्लू मनाला लावून घेऊ नये.

आता उलट बाजूने बघा, कारण खरी मजा तिकडे आहे. समजा आठ अजिबात सुटला नाही, पण आडव्या-उभ्यातून १४ मध्ये टी, ए आणि ई आलेत. मुंबईजवळचं पाच अक्षरी गाव, ठाणे. म्हणजे ‘८ वॉज अ थेन’, मग थेन कोण होता, नाटकातला, सात अक्षरी? आठ फुकटात सुटला. नंबरवाला क्लू दोन्ही दिशांनी वापरता येतो, आणि मला विचाराल तर अडलेल्या ग्रिडमध्ये साध्या क्लूपेक्षा तोच जास्त उपयोगी.

२० सोपा आहे, बॉय म्हणजे लॅड, डेच्या शेवटी वाय, लेडी. आणि ३ मध्ये ‘२० ८’ असे दोन नंबर शेजारी आलेत, मध्ये स्वल्पविराम नाही, म्हणजे दोन्ही उत्तरं जोडून एकच नाव वाचायचं, लेडी मॅकबेथ. तिला हातावरचा डाग जायला हवा होता, स्पॉट. खात्री करायला शर्ट्स म्हणजे टॉप्स, उभ्या शब्दात टर्न्ड अप म्हणजे खालून वर, टी-ओ-पी-एस उलटं केलं की एस-पी-ओ-टी. बसलं.

याहून वेगळा प्रकार म्हणजे क्लूच्या डोक्यावरच ‘१३, १५’ असे दोन नंबर, आणि १५ च्या जागी नुसतं ‘सी १३’, म्हणजे १३ बघा. तिथे एकच उत्तर दोन जागी तोडून भरायचं, ज्या क्रमाने नंबर दिलेत त्याच क्रमाने. कंसातली अक्षरसंख्या पूर्ण उत्तराची असते, त्यामुळे दोन्ही जागांचे चौकोन मोजून बेरीज जुळते का बघा, आणि शब्द जिथे संपतो तिथेच जागा संपेल असं धरू नका, लांबलचक उत्तर असेल तर शब्द मधूनच तुटतो.

हे सगळं एकत्र कसं येतं ते बघायचं तर जानेवारी २०१३ मधलं गार्डियनचं कोडं बघा. सेटर अरौकारिया, खरं नाव जॉन ग्रॅहम, वय ९१. कोड्याच्या वर एक वाक्य होतं: अरौकारियाला १९ चा १८ उभा झालाय, त्यावर १३ १५ चालू आहे. सोडवणाऱ्यांना आधी काहीच कळायला मार्ग नव्हता, सगळे नंबर अजून रिकामेच होते. मग १८ उभा सुटला, कॅन्सर. १९, इसोफॅगस, म्हणजे अन्ननलिका. १३ १५, पॅलिएटिव्ह केअर. बाकीच्या उत्तरांमध्ये एंडोस्कोपी होतं, स्टेंट होतं, नर्स होतं. म्हणजे सेटरने आपला आजार वाचकांना सांगितला तो असा, एकेक चौकोन त्यांच्याच हातून भरून घेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले.