डेस्क रिजेक्शनच्या पत्रात कामाची ओळ कशी शोधायची

माझा पहिला पेपर सहाव्या दिवशी परत आला. पोर्टलवर स्टेटस `With Editor` होतं ते `Under Review` झालंच नाही, डायरेक्ट रिजेक्ट. म्हणजे रिव्ह्यूअरपर्यंत पेपर पोचलाच नाही, एडिटरने टायटल, अॅबस्ट्रॅक्ट, कव्हर लेटर बघून, बाकीचा चाळून निर्णय घेतला. मी दोन दिवस समजत होते की प्रयोगच चुकलेत, पण प्रयोग कोणी बारकाईने तपासलेच नव्हते.

पत्रात पाच ओळी. खूप पेपर येतात, सगळे घेता येत नाहीत वगैरे ओळी सगळ्यांनाच जातात. ओळखायची सोपी पद्धत म्हणजे तेच वाक्य दुसऱ्या कोणाच्या पेपरला चिकटवून बघायचं, चिकटलं तर सोडून द्यायचं. माझ्या पत्रात न चिकटणारं एकच वाक्य होतं: बायोचार या कोळशावर मिथिलीन ब्लू हा रंग शोषून घेण्याचं काम भरपूर झालंय, यात नवीन काय ते इंट्रोडक्शनमधून कळत नाही.

मी लगेच 'नावीन्य' म्हणून एक पॅरा लिहायला बसले, गाइडनी थांबवलं. म्हणाले, आधी आधीच्या पेपरांचे आकडे एका टेबलात मांड. मांडले तर आमची शोषणक्षमता मधेच कुठेतरी, त्यामुळे 'जास्त क्षमता' हा दावाच गेला. पण तोच बायोचार धुऊन पाच वेळा वापरल्यावरही सुमारे 88 टक्के क्षमता टिकत होती आणि हा डेटा मी सप्लिमेंटरी फाइलमधे टाकून दिला होता! मग टायटल, अॅबस्ट्रॅक्टचं पहिलं वाक्य, इंट्रोडक्शनचा शेवटचा पॅरा, सगळं पुनर्वापराभोवती परत लिहिलं.

पुनर्वापर म्हटलं की खरं सांडपाणी आलंच, आम्ही तर फक्त डिस्टिल्ड वॉटरमधे केलं होतं. रंगकामाचं सांडपाणी घेऊन परत प्रयोग केले, सहा आठवडे गेले, क्षमता जवळपास एक तृतीयांशाने घसरली कारण त्यातले क्षार आणि बाकीचे रंग त्याच जागांसाठी भांडतात. ती घसरण लपवली नाही, वेगळा ग्राफ दिला.

तुमच्या पत्रात फक्त 'स्कोपमधे बसत नाही' असेल तर मात्र एवढं करू नका, जर्नल बदला, आणि त्याचे गेल्या दोन वर्षांचे अंक चाळून मगच पाठवा. प्रकाशक दुसऱ्या जर्नलला ट्रान्सफर सुचवतात, तिथे हो म्हणायच्या आधी फी बघा. एडिटरने वस्तुस्थितीतच चूक केली असेल तरच अपील. आणि बदल करून त्याच जर्नलला परत पाठवायचं तर पत्रात तसं लिहिलेलं असायला हवं, नाहीतर आधी मेल करून विचारा.

दुसऱ्या जर्नलला पाठवला तेव्हा नवव्या दिवशी `Under Review` दिसलं, आणि पहिल्या रिव्ह्यूअरचा पहिलाच प्रश्न त्या घसरणीच्या ग्राफवर होता, कुठल्या क्षाराने किती घसरली ते वेगवेगळं दाखवा म्हणून.