एका दिवसात तीन लोकेशन: कॉलशीट उलटी बांधा, संध्याकाळपासून

कॉलशीट, म्हणजे शूटच्या दिवशी कोणी किती वाजता कुठं यायचं त्याचा कागद, बनवताना बहुतेक जण सकाळच्या कॉल टाइमपासून लिहायला घेतात आणि तिथंच गंडतात. आधी बघायचं की दिवसभरात कुठली गोष्ट आपल्यासाठी थांबणार नाही, आणि तिथून मागं मागं यायचं.

आपलं उदाहरण घेऊ. सोलापुरात डिसेंबरातली एक दिवसाची शॉर्टफिल्म, कलाकार तीन (बाप, मुलगी, मुकादम), आणि लोकेशन तीन: अशोक चौकाकडचं एक घर, यंत्रमागाचा शेड आणि संध्याकाळचा कंबर तलाव. भुईकोट किल्ला पण डोक्यात होता, पण तिथं पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, एका दिवसाच्या शूटला ते झेपणार नव्हतं म्हणून काढला.

पहिलं काम, स्क्रिप्टची पानं मोजा. एका पानाचे आठ भाग धरून प्रत्येक सीन किती भागांचा आहे ते लिहायचं. आपल्याकडं घरात सव्वादोन पानं, शेडमध्ये दीड, तलावावर पाऊण, म्हणजे एकूण साडेचार. छोट्या युनिटला, लायटिंग कमी असेल तर, पानाला सव्वा तास धरा. साडेचारपेक्षा जास्त पानं निघाली तर सीन कापा, कॉल पहाटे चारला ओढू नका.

आता उलटं. डिसेंबरात सोलापुरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणून तलावाचा पहिला शॉट साडेचारला लागायलाच पाहिजे, आणि त्यासाठी युनिट चारला तिथं उतरलेलं पाहिजे. शेडवरून तलाव गाडीनं वीसेक मिनिटं, पण कॉलशीटवर वीस मिनिटं लिहिली की मेलात. सामान आवरणं, गाडीत भरणं, मधे कोणीतरी चहाला थांबणं, असं सगळं धरून सव्वा तास लागतोच, म्हणून शेड पावणेतीनला सोडायचा.

शेडची गंमत वेगळी आहे. माग चालू असताना शेजारी उभं राहून बोललेलं ऐकू येत नाही, मग डायलॉग कसले रेकॉर्ड करता! मालकाला आदल्या दिवशी विचारलं तेव्हा कळलं की कामगार १ ते १:४५ जेवायला जातात आणि तेव्हा माग बंद असतात, तर बाप आणि मुकादमाचे डायलॉग तेवढ्यात, आणि आपलं जेवण त्यानंतर. ही ओळ कॉलशीटवर ठळक लिहा, नाहीतर प्रॉडक्शनवाला एकला ताटं वाढून बसतो. जेवण उशिरा आहे म्हणून दहा साडेदहाला, घरातून निघताना, नाश्ता द्यायचा.

मग दिवस असा बसतो:

६:३० युनिट कॉल, घर
७:४५ पहिला शॉट
१०:३० पॅकअप, नाश्ता, मूव्ह
११:३० शेड, माग चालू असतानाचे शॉट
१:०० डायलॉग, माग बंद
१:४५ जेवण
२:४५ मूव्ह
४:०० तलाव, तयारी
४:३० शॉट, अंधार पडेपर्यंत

कलाकारांचे कॉल मात्र वेगवेगळे लिहा, आणि वेळेबरोबर जागाही. बाप आणि मुलगी ७:००, घर. मुकादम १०:४५, थेट शेडवर. मुलीला शेडमध्ये काम नाही, म्हणून तिच्यापुढं दुसरी ओळ, ४:०० तलाव, आणि मधल्या वेळात ती घरी जाणार की युनिटबरोबर राहणार तेही लिहा. मी एकदा सगळ्यांना सरसकट सातचा कॉल दिला होता, एक सिनियर कलाकार दुपारपर्यंत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून राहिले, काही बोलले नाहीत पण पुढच्या वेळी फोन पण उचलला नाही.

पत्ता लिहिताना नुसता मॅपचा पिन देऊ नका. तलावाचा पिन पाण्याच्या मधोमध पडतो, आणि पूर्व भागातल्या गल्ल्या नवख्याला सगळ्या सारख्याच वाटतात. ओळखीची खूण, गाडी कुठं लावायची, आणि तिथं उभ्या असलेल्या माणसाचा नंबर, एवढं प्रत्येक लोकेशनला द्या. खाली जवळचा दवाखाना, परवानगीचा कागद कोणाच्या खिशात आहे ते, आणि कुठल्या सीनला कुठले कपडे (बापाचा तेलकट शर्ट घरच्या सीनमध्ये पण आहे, म्हणून तो सकाळपासूनच बरोबर पाहिजे).

सगळं एका पानात बसवा आणि आदल्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत ग्रुपवर टाका. अंगठा आला म्हणजे वाचलं असं नसतंय, प्रत्येकानं आपला कॉल टाइम आणि जागा टाइप करून पाठवायची. ज्याचं उत्तर नऊपर्यंत नाही त्याला फोन. रात्री काही बदललं तर नवी फाइल `CallSheet_v2.pdf` अशा नावानं टाका आणि जुनी ग्रुपवरून उडवा, कारण पहाटे अर्ध्या झोपेत माणूस जी आधी दिसेल तीच उघडतो.