दुधाच्या कार्डावरच्या खुणा तारीखवार ओळींत कशा उतरवाव्यात

रतिबाचे दूध घेणाऱ्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला अडकवलेले कार्ड असते. त्यावर १ ते ३१ तारखांचे रकाने, वर दर, खाली एकूण रक्कम आणि मध्ये खुणाच खुणा असतात. या खुणा तारीखवार मजकुरात उतरवायच्या असतील, तर प्रत्येक खुणेचा अर्थ आधी ठरवावा लागतो, आणि खरी अडचण तिथेच येते, कारण कार्डावरची भाषा घराघरांत वेगळी असते. बहुतेक ठिकाणी टिक म्हणजे ‘रोजचे ठरलेले दूध आले’ आणि फुली म्हणजे खाडा. काही घरांत मात्र फक्त खाडेच मांडतात, आणि तिथे टिक म्हणजेच दूध न आलेला दिवस. महिन्यात टिका तीन-चारच असतील, तर हा दुसरा प्रकार समजावा.

काम सुरू करण्यापूर्वी कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत. मागची बाजू विसरली जाते आणि ‘मागील बाकी’ नेमकी तिथेच लिहिलेली असते. पेन्सिलीच्या पुसट खुणा समोरून फ्लॅश मारल्यावर दिसेनाशा होतात, म्हणून कार्ड खिडकीशी तिरपे धरून बाजूच्या उजेडात फोटो घ्यावा.

मग उभ्या रेघांकडे पाहावे. उभी रेघ दोन अर्थांनी येते. एक अर्थ साध्या मोजणीचा आहे: एक रेघ म्हणजे एक जादा लिटर किंवा एक पिशवी, आणि चार रेघांवर पाचवी आडवी. दुसरा अर्थ जुन्या हिशेबाच्या पद्धतीतला आहे, ज्यात आकड्यापुढची एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. त्यामुळे १। हे सव्वा, १॥ हे दीड आणि १॥। हे पावणेदोन होते. जुन्या वळणाच्या गवळ्यांच्या हातात ही पद्धत अजून दिसते. माझ्या आजोळच्या कार्डांवर दुसरे काही नसेच. एका घरचा अर्थ दुसऱ्या घरच्या कार्डाला लावू नये. अर्थ त्या कार्डावरच्या रकमेवरूनच ठरवावा.

उदाहरणादाखल जून २०२५ चे एक कार्ड घेऊ. रोजचे दूध १ लिटर. दर १५ तारखेपर्यंत ६० रुपये आणि १६ पासून ६२ रुपये. ८, ९ आणि २५ तारखेला फुली आहे. १४ तारखेला टिकेपुढे दोन रेघा, २१ तारखेला एक रेघ आणि २६ चा रकाना कोरा आहे. उरलेल्या सर्व दिवशी नुसती टिक आहे. खाली ‘१६९३॥’ असे लिहिले आहे.

इथे दोन शंका आहेत: रेघा पावाच्या की जादा लिटरच्या, आणि कोऱ्या रकान्यातल्या दिवशी दूध आले की नाही. रेघा पावाच्या धरल्या, तर पहिल्या पंधरवड्यात १३.५ लिटर, म्हणजे ८१० रुपये होतात. दुसऱ्या पंधरवड्यात २६ चे दूध धरून १४.२५ लिटर, म्हणजे ८८३.५० रुपये होतात. बेरीज १६९३.५० येते आणि ती कार्डाशी तंतोतंत जुळते. २६ चे दूध वगळले, तर १६३१.५० येतात. रेघा जादा लिटरच्या मानल्या, तर २६ धरून १८३० आणि वगळून १७६८ येतात, आणि दोन तारखांच्या रेघांचे अर्थ वेगवेगळे घेतले तरी कार्डावरची रक्कम येत नाही. शिवाय खुद्द रकमेपुढच्या दोन रेघा पन्नास पैशांच्या आहेत, हा आणखी एक पुरावा आहे.

मात्र एक भेद नीट सांभाळावा. रक्कम जुळली यावरून दूधवाल्याने २६ तारखेचे पैसे लावले एवढेच सिद्ध होते. त्या दिवशी दूध आले हे सिद्ध होत नाही. म्हणून ओळीत मूळ खूण, आपण लावलेला अर्थ आणि तो अर्थ पक्का की अंदाजाचा, या तिन्ही गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. ओळींचा क्रम असा ठेवावा: तारीख, बाब, मूळ खूण, लिटर, दर, रक्कम, शेरा.

```
2025-06-13,दूध,टिक,1.00,60,60.00,
2025-06-14,दूध,टिक+दोन रेघा,1.50,60,90.00,
2025-06-21,दूध,टिक+एक रेघ,1.25,62,77.50,
2025-06-25,दूध,फुली,0.00,62,0.00,खाडा
2025-06-26,दूध,कोरे,1.00,62,62.00,अंदाज
```

तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिली की ओळी आपोआप क्रमाने लागतात. आकडे इंग्रजी लिपीत ठेवावेत, कारण देवनागरी आकड्यांना बेरजेचे प्रोग्रॅम अनेकदा नुसता मजकूर समजतात. मूळ खूण शब्दांत लिहावी. रकाने उभ्या रेघेने वेगळे केले आणि खुणेतही उभी रेघ टंकली, तर कोणती रेघ पावाची आणि कोणती रकान्याची हे महिन्याभराने आपल्यालाच कळत नाही. स्वल्पविरामाने रकाने पाडायचे असल्यास रकमेत हजाराचा स्वल्पविराम घालू नये.

खाड्याची ओळ गाळू नये. शून्याची ओळ असली म्हणजे जूनच्या बरोबर ३० ओळी होतात, आणि ओळी मोजूनच निम्म्या चुका सापडतात. छापील कार्डावर ३१ वा रकाना असतो, आणि घाईत १ जुलैची टिक त्यात पडलेली आढळते. तशी टिक असेल, तर ती १ जुलैच्या नावावर लिहावी आणि जुलैच्या कार्डावर ती पुन्हा नाही ना, हे पाहावे. हाताने लिहिलेल्या कार्डात देवनागरी ४ आणि इंग्रजी आठ, तसेच देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ यांची गल्लत होते. लिहिणारा कोणत्या लिपीत आकडे काढतो, हे आधी दराच्या आकड्यावरून पाहून घ्यावे.

कोपऱ्यात ‘जादा’ म्हणून तारखेविना पाडलेल्या रेघा असतील, तर त्या मनाने एखाद्या दिवसावर टाकू नयेत. त्यांची एकच ओळ महिनाअखेरच्या तारखेने लिहावी आणि शेऱ्यात ‘तारीख नाही’ असे नोंदवावे.

वर्तमानपत्राच्या कार्डाला हीच रीत चालते, फक्त लिटरऐवजी प्रती येतात. रविवारच्या अंकाची किंमत वेगळी असेल, तर दर वारागणिक बदलतो, म्हणून वाराचा एक रकाना वाढवावा. सणाच्या सुट्टीमुळे अंक छापलाच नसेल, तर शेऱ्यात तसे लिहावे, कारण तो पेपरवाल्याचा खाडा नव्हे.

दिलेले पैसे दुधाच्या ओळींत मिसळू नयेत. ‘जमा’ या बाबीची वेगळी ओळ करावी. वरील कार्डावर २० तारखेला १००० रुपये जमा आहेत, तेव्हा बाकी ६९३.५० उरते. जुलैच्या कार्डामागे ‘मागील बाकी ७००’ असे दिसले, तर जूनची कोणतीही ओळ बदलून ती जुळवू नये. ६.५० रुपयांची ‘पूर्णांक फरक’ अशी एक ओळ १ जुलैच्या तारखेने लिहावी, आणि पुढच्या वेळी दूधवाला दारात आला की तेवढ्यापुरते त्याला विचारावे.