आयआरआर जास्त म्हणून तोच प्रोजेक्ट भारी? या चुका टाळा

आमचे दाजी लातूरला डाळमिल चालवतात. मागच्या दिवाळीत एक्सेल शीट घेऊन आले, म्हणले बघ बरं, सॉर्टेक्स मशीन टाकू का सगळी लाइनच नवी बसवू, शेडमधी जागा एकालाच हाय. मशीनला 10 लाख, पाच वर्षं दरसाल 4 लाख सुटतात. लाइनला 40 लाख, दरसाल 13 लाख. पाच वर्षांनी भंगारातून काही येत नाही असं धरलं.

मशीनचा आयआरआर, म्हणजे पैसा ज्या टक्क्यानं पडला तर ना नफा ना तोटा तो दर, आला 28.7 टक्के, लाइनचा 18.7. दाजींनी तिथंच निकाल लावून टाकला, अन पहिली चूक हीच. आपल्याकडं पैसा शेकड्यानंच मोजायची सवय, म्हणून टक्का मोठा दिसला की माणूस हुरळतो, पण तो टक्का 10 लाखावर हाय का 40 लाखावर हे आयआरआर सांगतच नाही. 12 टक्क्यानं एनपीव्ही काढला, म्हणजे पुढं येणारे पैसे आजच्या भावात आणून गुंतवणूक वजा केली, तर मशीनचे 4.42 लाख उरतात अन लाइनचे 6.86 लाख.

मग खरं कोण? दोन्ही खरे, सवाल वेगळे. भांडण मिटवायचं तर फरकाचा हिशोब मांडा: लाइनसाठी 30 लाख जादा टाकले तर दरसाल 9 लाख जादा येतात, त्याचा आयआरआर 15.2 टक्के. तुमचा पैसा 15.2 च्या खाली पडत असेल तर लाइन घ्या, वर पडत असेल तर मशीन.

```
=B2+NPV(12%,B3:B7)
=C2+NPV(12%,C3:C7)
=IRR(D2:D7)
```

B मशीन, C लाइन, D म्हणजे C वजा B. दुसऱ्या ओळीत आजचा खर्च, मायनसमधी. दाजींनी तो खर्चबी NPV च्या कंसात घातला होता, एक्सेल मग त्याला वर्षभर पुढचा समजतं अन 6.86 चे 6.13 होतात. दोन्ही कॉलमला हीच चूक झाली तर पहिला कोण, दुसरा कोण हे बदलत नाही म्हणून ती लवकर ध्यानात येत नाही, एकालाच झाली की मग घोळ.

अन सगळ्यात मोठी गडबड त्या 12 मधीच होती. बँक 12 नं देणार होती पण फक्त 25 लाख, बाकीचे बाजारातून दोन रुपये शेकड्यानं आणायचे, म्हणजे वर्षाला 24. आता जादाचे 30 लाख बघा: मशीनचे 10 बँकेतून काढले की बँकेचे 15 उरतात, दुसरे 15 बाजाराचे, सरासरी 18 टक्के. 15.2 च्या वर गेलं की! नुसत्या 18 नं दोन्ही मोजले तर मशीनचे अडीच लाख उरतात, लाइनचे जेमतेम 65 हजार.

दाजींनी मशीनच घेतली, म्हणजे सुरुवातीला जे ठरवलं होतं तेच, अन अजूनबी मला ऐकवतात, शीट कशाला उघडली होती मग.