कुत्र्याला घेऊन विमानाने गोव्याला : तयारीची यादी

तयारी सुरू करायची ती परतीच्या तारखेपासून. समजा, 19 डिसेंबरला मुंबईहून गोव्याला जायचं आहे आणि 24 डिसेंबरला परत यायचं आहे. आता लसीचं पुस्तक उघडून रेबीजच्या इंजेक्शनची तारीख बघा. गेल्या वर्षी ते 21 डिसेंबरला दिलेलं असेल तर जाताना कागद चालेल, पण येताना वर्षाची मुदत उलटून गेलेली असेल आणि काउंटरवर अडवतील. म्हणून अशा वेळी मुदत संपायची वाट न बघता नोव्हेंबरच्या मध्यालाच डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन घ्यावं. रेबीजची लस घेऊन साधारण महिना झालेला असावा, अशी अट अनेक ठिकाणी असते, तीही त्यात बसते. त्याच फेरीत लेप्टोस्पायरोसिसची लस दिली आहे ना, तेही विचारा. कोकण आणि गोव्याच्या ओल्या मातीत हा आजार आढळतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होतो.

तिकिटाचं म्हणाल तर आधी कुत्र्याची जागा, मग आपली. इंडिगो पाळीव प्राणी नेत नाही. एअर इंडिया आणि अकासा नेतात, पण एका विमानात केबिनमध्ये मोजकेच प्राणी घेतात. त्यामुळे तिकीट काढण्याआधी फोन करून त्या दिवशी जागा आहे का ते विचारावं आणि होकार ईमेलवर लेखी घ्यावा. वजनाची मर्यादा त्याच फोनवर विचारा, कारण हे नियम बदलत असतात. हे वजन कुत्रा आणि पिशवी मिळून धरतात. घरच्या काट्यावर आधी एकट्याने उभं राहा, मग कुत्रा आत बसलेली पिशवी उचलून उभं राहा. काटा 62 वरून 70.4 वर गेला तर वजन 8.4 किलो. मर्यादेच्या अगदी काठावर असाल तर हलकी पिशवी घ्या, कुत्र्याला उपाशी ठेवू नका.

पिशवी मऊ, जाळीची, तळाला पाणी न झिरपणारी हवी. आत कुत्र्याला उभं राहून वळता आलं पाहिजे. प्रवासाच्या निदान तीन-चार आठवडे आधी ती चेन उघडी ठेवून घरात टाकून द्या आणि जेवण तिच्यातच वाढा. झोपेचं औषध देऊन न्यावं असं बऱ्याच जणांना वाटतं. माझं कळकळीचं सांगणं आहे, देऊ नका. गुंगीत असलेल्या प्राण्याला तोल सांभाळता येत नाही, आणि उंचीवर श्वास आणि रक्तदाबावर औषधाचा काय परिणाम होईल ते सांगता येत नाही. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास लवकर होतो. त्यांना सामानाच्या कप्प्यातून तर पाठवूच नये.

प्रवासयोग्यतेचा दाखला ताजा लागतो, बहुतेकदा 72 तासांच्या आतला. म्हणजे 19च्या विमानासाठी 17 तारखेला डॉक्टरांकडे जायचं. दाखल्यावर कुत्र्याची जात, रंग, वय, वजन, संसर्गजन्य आजार नसल्याचं वाक्य, तारीख, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हे सगळं तिथेच उभं राहून वाचा. हा दाखला परतीला चालत नाही. त्यासाठी मुक्कामाजवळचा प्राण्यांचा डॉक्टर निघण्याआधीच शोधून 22 किंवा 23 तारखेची वेळ घेऊन ठेवावी. नाताळच्या गर्दीत ऐनवेळी धावपळ नको.

विमानतळावर नाजूक जागा एकच, सुरक्षा तपासणी. पिशवी मशीनमधून जाते, कुत्र्याला मात्र बाहेर काढून कडेवर घेऊन चौकटीतून जावं लागतं. भोवती ट्रे आपटत असतात, पट्टा खडखडत असतो. बिथरलेला कुत्रा गळ्यातला पट्टा मागे सरकून सहज सोडवून घेतो. म्हणून अंगात नीट बसणारा हार्नेस घालूनच पिशवीत बसवा आणि दोरी मनगटाला गुंडाळल्यावरच चेन उघडा.

मुक्काम ठरवताना ‘पेट फ्रेंडली’ एवढ्या शब्दांवर विसंबू नका. मालकांना फोन करून सरळ विचारा : कुत्रा खोलीत झोपला तर चालेल का, की व्हरांड्यात बांधावा लागेल? आवाराला पूर्ण कुंपण आहे का? तुमचे स्वतःचे कुत्रे मोकळे असतात का? आम्ही जेवायला गेलो तर त्याला खोलीत एकटं ठेवता येईल? जादा पैसे किती? उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून मागा. मोपा विमानतळ उत्तरेला पेडण्यात आणि दाबोळी दक्षिणेकडे वास्कोजवळ, तेव्हा विमान कुठे उतरतं ते बघून मग घर निवडा. टॅक्सी घरमालकांकडूनच ठरवून घ्या, आणि गाडीत कुत्रा असेल हे चालकाला आधीच सांगायला लावा.